आज मॅडमचा तास होणार नाही!

सकाळी सात वाजता बारावीच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘मॅडमना बरं नाही, आज फिजिक्सचा तास होणार नाही. सेल्फ स्टडी करा.’ ग्रुपवर अंगठे उमटतात आणि वर्गात त्या तासाला गप्पांचा फड जमतो. यात दोष मुलांचा कमी आणि निरोपाचा जास्त. ‘सेल्फ स्टडी करा’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यात कुठे होतं?

तालुक्याच्या गावातलं एक कनिष्ठ महाविद्यालय डोळ्यांसमोर आणू. बारावी विज्ञानाला विद्युतधारेचा धडा सुरू होतोय. मंगळवारी किरचॉफचा पहिला नियम, बुधवारी दुसरा, गुरुवारी व्हीटस्टन ब्रिज, शुक्रवारी मीटर ब्रिज आणि शनिवारी चाचणी, असं आठवड्याचं नियोजन आहे. सोमवारी रात्री मॅडमना सणकून ताप भरतो. डॉक्टर फ्लू म्हणतात आणि तीन दिवस घरीच राहायला सांगतात. औषध न घेताही ताप उतरलेला राहून चोवीस तास झाल्याखेरीज वर्गात जायचं नाही, हेही बजावतात.

मग निरोप असा जायला हवा:

‘विद्यार्थ्यांनो, मला ताप आहे. मंगळवार ते गुरुवार माझे तास होणार नाहीत. मंगळवारी अकरावीच्या पुस्तकातली रोधांची एकसर आणि समांतर जोडणी पुन्हा वाचा व सहा गणितं सोडवा, उत्तरं सोबत दिली आहेत. बुधवारी किरचॉफचा फक्त पहिला नियम वाचा, त्यावरची चार गणितं करा. दुसरा नियम वाचू नका. गुरुवारी माझ्या तासाला गणिताचे सर येतील. शनिवारची चाचणी सोमवारी होईल. शुक्रवारी मी येणार की नाही, ते गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत कळवते.’

आजाराबद्दल यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. येण्याची तारीख छातीठोकपणे दिलेली नाही, पण ती कधी कळेल हे दिलं आहे. सगळ्यांकडे फोन नसतो, म्हणून हाच मजकूर शिपायाकरवी फळ्यावरही लागतो.

आता ‘दुसरा नियम वाचू नका’ असं का? स्वयंअध्ययनाला काय द्यायचं, याची सगळी मेख इथे आहे. सहा आणि तीन ओहमचे रोध समांतर जोडले, तर एकूण रोध दोन ओहम येतो. मुलाने चुकून बेरीज करून नऊ काढले, तरी चूक त्याची त्यालाच पकडता येते, कारण समांतर जोडणीत उत्तर सगळ्यांत लहान रोधापेक्षाही कमी यायला हवं. पहिला नियमही तसाच. जंक्शनमध्ये पाच अँपिअर धारा आली आणि एका तारेतून दोन गेली, तर दुसरीतून तीनच जाणार. हिशेब जुळला नाही तर लगेच दिसतं.

दुसऱ्या नियमात मात्र चिन्हांचा खेळ असतो. एकाच वेटोळ्यात सहा आणि दोन व्होल्टचे घट एकमेकांच्या विरोधात जोडलेत आणि एकूण रोध चार ओहम आहे, असं समजा. बरोबर धारा एक अँपिअर. घटाच्या चिन्हात गफलत झाली की सहा आणि दोनची बेरीज होते आणि उत्तर येतं दोन अँपिअर. आकडा दिसायला अगदी ठाकठीक! मुलाला शंकासुद्धा येत नाही आणि तीच चुकीची सवय पुढच्या दहा गणितांत मुरते. ती मोडायला नव्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. म्हणून जिथे चूक स्वतःहून उघडी पडते, तेवढंच मुलांवर सोपवावं. बाकीचं वर्गात फळ्यासमोर.

बुडालेल्या तासांचं काय? पहिला नियम मुलांनी घरी केला, म्हणजे एक तास वाचला. गुरुवारचा तास गणिताच्या सरांना देऊन त्यांचा शनिवारचा घेतला, म्हणजे दुसरा मिळाला. शुक्रवारी दहा मिनिटं मुलांच्या वह्या पाहून दुसरा नियम, शनिवारी दोन तासांत व्हीटस्टन आणि मीटर ब्रिज, सोमवारी चाचणी. तीन तास बुडूनही धडा एकाच तासाने मागे पडला. सकाळी जादा तास ठेवण्याचा मोह इथे टाळलेला बरा. पहिली एसटी पोहोचायच्या आत तास सुरू झाला, तर खेड्यांवरची मुलं नेमकी त्यालाच मुकतात.

प्रॅक्टिकलला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. बुधवारची ‘ब’ तुकडी चुकली तर ‘अ’ आणि ‘क’ पुढे निघून जातात, आणि शिक्षकाविना प्रयोगशाळा उघडता येत नाही. त्या तुकडीसाठी प्रयोगशाळा रिकामी असेल अशी वेळ शोधून सुधारित वेळापत्रकात तारखेसह लिहावी लागते. आणि आजार आठवड्याच्या पुढे लांबला, तर घरी करण्याजोगा भाग संपून जातो. तेव्हा आणखी गणितं पाठवत बसण्यात अर्थ नाही, प्राचार्यांना सांगून बदली शिक्षक मागावा.