डायरीतली कारणं आणि पासबुकातल्या तारखा

वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे मालक रोज रात्री डायरी लिहितात. सीएनसी लेथवर दुचाकीचे सुटे भाग करून द्यायचे, हा त्यांचा जॉबवर्कचा धंदा. २०२० साली तो जवळजवळ बुडाला. त्या वर्षाची डायरी त्यांनी बऱ्याच उशिरा पुन्हा काढली, पण ती एकटी वाचायला घेतली नाही. शेजारी ऑर्डरचं रजिस्टर, बँकेचं पासबुक आणि जीएसटी विवरणपत्रांच्या प्रती ठेवल्या. डायरीतल्या माणसाला दुसरा साक्षीदार लागतो, हे त्यांना हिशेबाच्या सवयीमुळे आपोआप सुचलं असावं.

पहिल्या वाचनात त्यांनी एकच काम केलं. जिथे जिथे ‘मुळे’, ‘म्हणून’ किंवा ‘नाइलाज’ आलं, तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. मार्चनंतर पानोपानी रेघा दिसू लागल्या. ‘लॉकडाऊनमुळे धंदा बसला’ हे वाक्य तर जवळपास त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा आलं होतं. खरं कारण माणूस सहसा एकदा लिहितो आणि पुढे जातो. तेच कारण, कुणी विचारलेलं नसताना, त्याच शब्दांत परत परत येत असेल तर तिथे थांबून पाहावं.

त्यांनी पाहिलं. देशव्यापी लॉकडाऊन २५ मार्चला सुरू झाला. विवरणपत्रांतली उलाढाल मात्र डिसेंबरपासूनच घसरत होती. वाहन उद्योगात २०१९ पासून मंदी होती, तेव्हा थोडा भाग तिचाही. पण जानेवारीच्या एका पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: ‘परत रिजेक्शन आलं. बघू.’ भागाचा बोअर मापात बसत नव्हता, कारण एका लेथच्या स्पिंडलचं बेअरिंग झिजलं होतं. दुरुस्तीबद्दल पुढे लिहिलं होतं, ‘पैसे नाहीत, नाइलाज.’ पासबुक उघडलं तर त्याच आठवड्यात प्लॉटच्या बुकिंगसाठी लाखभर रुपये गेलेले. दुरुस्तीचा अंदाज त्याहून कमी होता. पैसे होते, ते कुठे घालायचे हे त्यांनीच ठरवलं होतं.

जुलैची नोंद आणखी बोलकी निघाली. त्या महिन्यात शहरात १० ते १८ तारखेपर्यंत कडक टाळेबंदी होती. डायरी म्हणते, ‘या नऊ दिवसांनी मोठी ऑर्डर घालवली.’ तो भाग दुसऱ्या पुरवठादाराकडे देत असल्याची ग्राहकाची ईमेल मात्र २ जुलैची होती, आणि त्यात कारण रिजेक्शनचंच दिलं होतं. नोंद खोटी ठरवायला एवढा तारखांचा फरक पुरेसा आहे. २ ते ९ जुलैची पानं डायरीत कोरी होती. ईमेल वाचल्यानंतरच्या त्या दिवसांत त्यांना स्वतःलाही काही सांगायचं नव्हतं.

काही वेळा फसवणूक एका शब्दात मावते. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला कर्जाचे हप्ते लांबवण्याची मुभा दिली, तेव्हा त्यांनी ‘हप्ते माफ’ असं लिहिलं होतं. हप्ते पुढे ढकलले होते. व्याज चालूच होतं.

या टप्प्यावर एक उलटी चूक होण्याची भीती असते. रागाच्या भरात त्यांनी एप्रिलच्या नोंदींवरही ‘सबब’ असा शेरा मारला. एप्रिलमध्ये कारखानाच बंद होता, कामगार गावी गेले होते. ती सबब नव्हती. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती वाचणाऱ्यांना गटागटानं वेगवेगळा शेवट सांगितला. ज्याला जो शेवट कळला, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. जुनी डायरी वाचणाराही शेवट कळलेलाच वाचक असतो. म्हणून त्यांनी प्रत्येक शेऱ्यापुढे आणखी एक प्रश्न लिहिला: हे मला त्या तारखेला ठाऊक होतं का? एप्रिलचे शेरे खोडले गेले. जानेवारीचा राहिला, कारण रिजेक्शनची चिठ्ठी तेव्हा हातात होती.

ऑगस्टमध्ये एक नोंद आहे: ‘मीच नालायक, माझ्यात धंद्याची अक्कलच नाही.’ वाचताना ती प्रामाणिक वाटते. त्यांनी मात्र तिच्यावरही रेघ मारली, आणि माझ्या मते ही त्यांची सगळ्यात चांगली रेघ. स्वतःला सरसकट दोष दिला की बेअरिंग, प्लॉट आणि न उत्तरलेली ईमेल यांतल्या एकाचंही नाव घ्यावं लागत नाही.

स्पिंडलची दुरुस्ती पुढच्या वर्षी झाली आणि रिजेक्शन कमी झालं. तो ग्राहक अजून परत आलेला नाही. कुणाच्या कपाटात २०२० ची डायरी असेल, तर तिच्यासोबत त्या वर्षाचं पासबुकही काढून ठेवावं.