कुलूप दिसते, पण अर्ज सुरक्षित आहे का?

अलिबाग-नागाव पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या रिसॉर्टने संकेतस्थळावर ‘नोकरीच्या संधी’ हे पान जोडले, की पत्त्यात https आहे, म्हणजे आलेले अर्ज सुरक्षित, असे समजले जाते. https म्हणजे उमेदवाराच्या मोबाइलपासून सर्व्हरपर्यंतच्या (संकेतस्थळाच्या फायली ठेवणाऱ्या संगणकापर्यंतच्या) प्रवासात मजकूर सांकेतिक रूपात नेणे. त्याचे काम तिथेच संपते. पोस्टमनने बंद पाकीट नीट आणून दिले, तरी ते आपणच उघड्या ओट्यावर ठेवले तर कोणीही वाचेल.

बरेचदा बायोडेटा `public_html/uploads` या सर्वांना खुल्या फोल्डरमध्ये साठतो. पडताळणी सोपी आहे : स्वतःच एक चाचणी अर्ज भरावा आणि त्या फायलीची लिंक लॉगिन न करता दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावी. फाइल उघडली, तर ती कोणालाही उघडता येईल.

यावर उपाय म्हणजे फायली `public_html`च्या बाहेर ठेवणे आणि लॉगिन केलेल्यालाच दाखवणे. फक्त पीडीएफ स्वीकारावी, आकाराला मर्यादा घालावी आणि ही तपासणी सर्व्हरवरच व्हावी, कारण ब्राउझरमधली तपासणी सहज चुकवता येते. अर्जाच्या टप्प्यावर आधारची प्रत मागू नये आणि भरती संपल्यावर नको असलेले अर्ज काढून टाकावेत.