कुठलीही रेष ओढा, भाव उसळतोच

बाजार बंद झाल्यावर चार्ट उघडला की सपोर्टची रेष फार शहाणी वाटते. भाव घसरत आला, रेषेला टेकला आणि वर गेला. दोन-तीन जागा अशा दिसल्या की आपण खूश. त्याच चार्टवर डोळे मिटून रेष ओढली असती तर भाव तिथूनही उसळला असता का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञ कॅरल ऑस्लर यांनी ते विचारलं आणि 2000 साली उत्तर प्रसिद्ध केलं.

सहा कंपन्या आपल्या ग्राहकांना रोज सपोर्ट-रेझिस्टन्सच्या पातळ्या कळवत असत. ऑस्लर यांनी जानेवारी 1996 ते मार्च 1998 या काळातल्या त्या पातळ्या मिळवल्या. चलनं तीन होती, डॉलरसमोर मार्क, येन आणि पौंड. मग त्यांनी डोळ्यांना रजा दिली. भाव पातळीच्या 0.01 टक्क्याच्या आत आला तर तो टेकला असं धरायचं. त्यानंतर पंधरा मिनिटांनी तो सपोर्टच्या वर असेल तर उसळला, नाहीतर सपोर्ट तुटला. ‘जवळजवळ टेकला होता’ या सबबीला इथे जागा नाही. शिवाय संगणकाने यदृच्छेने काढलेल्या पातळ्यांचे 10,000 संच तयार केले आणि त्यांनाही हेच नियम लावले.

तज्ज्ञांच्या पातळ्यांवरून भाव सुमारे 60 टक्के वेळा उसळला. आणि उगाच काढलेल्या पातळ्यांवरून? सुमारे 56 टक्के वेळा. म्हणजे तज्ज्ञांच्या रेषांत तथ्य होतं, पण ते त्या चार टक्क्यांत होतं. उरलेले 56 कुठल्याही रेषेला फुकट मिळतात. आपला डोळा मात्र साठच्या साठ रेषेच्या खात्यावर जमा करतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या ट्रेडरांना खटकेल. एकाहून जास्त कंपन्यांनी सांगितलेली पातळी एकट्या कंपनीच्या पातळीपेक्षा सरस ठरली नाही, आणि ‘हा सपोर्ट भक्कम आहे’ या शेऱ्याचाही उपयोग दिसला नाही.

आता वॉल्यूम प्रोफाइलकडे वळू. रेष हाताने ओढायची नाही, उलाढालीलाच ती ओढू द्यायची, असा त्याचा दावा. याचं मूळ शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधल्या पीटर स्टाइडलमायर यांच्या मार्केट प्रोफाइलमध्ये आहे. त्यात भाव कुठे किती वेळ रेंगाळला हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अक्षरांनी मांडलं जाई. वॉल्यूम प्रोफाइल वेळेऐवजी व्यवहार मोजतं. ज्या भावाला सर्वांत जास्त उलाढाल झाली तो पीओसी, आणि त्याच्याभोवतीचा सुमारे 70 टक्के उलाढालीचा पट्टा म्हणजे व्हॅल्यू एरिया. त्याची खालची कड सपोर्ट, वरची कड रेझिस्टन्स. निफ्टी हा निर्देशांक आहे, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही. म्हणून प्रोफाइल काढायचं तर निफ्टी फ्यूचर्सचं काढावं लागतं.

गणित आलं म्हणजे वाद मिटला असं वाटतं. एक कल्पित दिवस घेऊ. दहा-दहा पॉइंटांचे कप्पे केले आणि दिवसाची उलाढाल 100 धरली. 24,490 च्या कप्प्यात सर्वाधिक 22 पडले, हा पीओसी. त्याच्या वर क्रमाने 14, 9 आणि 4. खाली 18, 13, 9, 7 आणि 4. आता पीओसीपासून सुरू करून शेजारच्या दोन कप्प्यांपैकी मोठा तो घेत 70 पर्यंत जायचं. 22 मध्ये खालचे 18, मग वरचे 14, मग खालचे 13 मिळवले की 67 होतात. पुढे वरही 9, खालीही 9! खालचा घेतला तर सपोर्ट 24,460 ला येतो, वरचा घेतला तर 24,470 लाच राहतो. काही सॉफ्टवेअर एकेक कप्पा न घेता वरचे दोन आणि खालचे दोन असे जोडीने तोलतात. त्या पद्धतीने उत्तर 24,470 येतं. दिवस एक, उलाढाल एक, आणि सपोर्टमध्ये दहा पॉइंटांचा फरक. म्हणून चाचणीआधी कप्प्याचा आकार, टक्केवारी आणि बरोबरी झाल्यास काय करायचं हे लिहून ठेवावं लागतं.

याहून मोठी गफलत वेळेची आहे. आजचं प्रोफाइल साडेतीनला पूर्ण होतं. ते काढून ‘बघा, सकाळी अकराला भाव बरोबर कडेवरून फिरला’ म्हणणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसणं. स्क्रीनवर जेवढा चार्ट दिसतो तेवढ्याचं प्रोफाइल दाखवणारी सोय तर चार्ट सरकवला की पातळीच बदलते. सौद्यासाठी कालचं पूर्ण झालेलं प्रोफाइल घ्यायचं आणि ते फक्त आजच्या भावावर तपासायचं.

नियम असा करता येईल: आज बाजार कालच्या खालच्या कडेच्या वर उघडला आणि दिवसात पहिल्यांदा कडेच्या दोन पॉइंटांत आला, तर टेकला; पंधरा मिनिटांनी वर असेल तर उसळला. जोडीला रोज, सुरुवातीच्या भावाच्या तेवढ्याच खाली-वर अंतरांतून यदृच्छेने निवडलेल्या पातळ्या. अंतराची अट महत्त्वाची, कारण उघडत्या भावाजवळची पातळी सकाळच्या धामधुमीत टेकली जाते आणि दूरची एखाद्या जोरदार घसरणीत. दोन्हींची तुलना होत नाही. ऑस्लर यांच्याकडच्या 96 टक्के पातळ्यांच्या शेवटी 0 किंवा 5 होता. गोल आकड्यांवर नफा काढून घेण्याच्या ऑर्डरी साचतात, हे त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा 24,500 वर आलेला पीओसी उसळला, तर श्रेय उलाढालीचं की दोन शून्यांचं? ते वेगळं काढायचं तर तुलनेच्या पातळ्यांतही तितकेच गोल आकडे हवेत.

इथे संख्येचा प्रश्न येतो. वर्षात बाजाराचे सुमारे 250 दिवस, त्यांतल्या समजा 150 दिवशी भाव कडेला टेकला. एवढ्या नमुन्यात केवळ योगायोगाने चार टक्के इकडे-तिकडे होणं अगदी साधी गोष्ट आहे. 56 आणि 60 मधला फरक खात्रीने सांगायला दीड-दोन हजार तरी टेकणी लागतात, म्हणजे दहा वर्षांच्या पुढचा डेटा. ‘तीन महिने चाललं’ या बोलण्याला त्यामुळे वजन नाही. त्यात लोक कप्प्याचे पाच आकार, चार टक्केवाऱ्या आणि थांबण्याच्या तीन वेळा करून बघतात. साठ जोड्या झाल्या. कशातच दम नसला तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर सरासरी तीन जोड्या चमकतील. चमकलेली जोडी अजून न पाहिलेल्या वर्षांवर पुन्हा लावली की बहुधा ती विझते.

शेवटी उसळी म्हणजे नफा नव्हे. स्टॉपलॉस 30 पॉइंट, टार्गेट 30 पॉइंट, आणि एसटीटी, दलाली, भावातली घसर धरून एका सौद्याला समजा 6 पॉइंट खर्च. जिंकलं तर 24 मिळतात, हरलं तर 36 जातात. नफा-तोटा शून्य व्हायलाच शंभरातले साठ सौदे जिंकावे लागतात. टार्गेट 60 केलं तर हिशेब बदलतो, पण मग पंधरा मिनिटांची उसळी मोजून भागत नाही. 60 आधी लागतं की स्टॉपलॉस, हे मिनिटा-मिनिटाच्या डेटावर तपासावं लागतं, तेही त्याच यदृच्छ पातळ्यांच्या शेजारी ठेवून.