बरे वाटले, मग गोळ्या थांबवाव्यात काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एकाच घरात दोन आजारी होते. तीन वर्षांच्या नातवाला न्यूमोनिया झाला होता आणि आजोबांना फुप्फुसाचा क्षय. नातवाचे औषध पाच दिवसांचे होते, आजोबांचे सहा महिन्यांचे. तिसऱ्या दिवशी पोरगा गॅलरीत धावू लागला. पुढे दोन महिन्यांत आजोबांचा खोकलाही थांबला. दोन्ही वेळा त्या घरच्या सूनबाईंनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "भाऊ, आता बरं वाटतंय, तर औषध बंद केलं तर चालेल का?"

आम्ही डॉक्टर नव्हे. पण दवाखान्यात विचारून आणि थोडे वाचून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. प्रश्न एक असला तरी त्याची उत्तरे दोन आहेत.

"कोर्स अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात," असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. पेनिसिलीन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल भाषणात असाच इशारा दिला होता. घसा दुखणारा एक माणूस अपुरे पेनिसिलीन घेतो आणि त्याच्या घशातले जंतू औषधाला सरावतात, असे उदाहरण त्यांनी दिले. गंमत अशी, की घशाचा तो जंतू आजही पेनिसिलीनला दाद देतो. २०१७ साली ब्रिटनमधील काही तज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की बहुतेक साध्या आजारांत लवकर थांबल्याने जंतू निर्ढावतात याला पुरावा नाही. उलट गोळ्या जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त.

असे का होते? गोळी फक्त आजाराच्या जंतूला शोधून मारत नाही. आपल्या आतड्यात आणि कातडीवर असंख्य निरुपद्रवी जंतू राहतात, तेही तिच्या तडाख्यात सापडतात. त्यांतले दुबळे मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. पुढे कधी तेच जंतू लघवीच्या मार्गात किंवा जखमेत शिरले, तर नेहमीची गोळी लागू पडत नाही.

आता नातवाकडे वळू. त्याचा श्वास मिनिटाला चाळिसाच्या वर चालला होता. एक ते पाच वर्षांच्या मुलाला खोकला असताना एवढा श्वास चालला, तर न्यूमोनियाची शंका घेतात. पण त्याची छाती आत ओढली जात नव्हती आणि तो पाणी पीत होता, म्हणजे आजार सौम्य होता. अशाच दोन हजारांहून अधिक मुलांवर भारतातील सात रुग्णालयांत अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना अमॉक्सिसिलीन तीन दिवस दिले, निम्म्यांना पाच दिवस. दोन्ही गटांत शंभरातली सुमारे नव्वद मुले बरी झाली. सूनबाईंनी तिसऱ्या दिवशी पोराला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी श्वास मोजला, छाती तपासली आणि औषध थांबवले. श्वास उतरला नसता तर त्यांनी ते थांबवले नसते.

आजोबांची गोष्ट वेगळी. क्षयाचे जंतू अतिशय सावकाश वाढतात आणि काही निपचित पडून राहतात. जागे जंतू मेले की खोकला थांबतो, वजन वाढते. निपचित जंतू मात्र उरतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. शिवाय कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला मुळातच दाद न देणारे थोडे असतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे एकत्र देतात. एकातून सुटला तो दुसऱ्यात सापडतो. मध्येच खाडे केले, तर न जुमानणाऱ्या जंतूंना रान मोकळे मिळते. मग उपचार कठीण होतो आणि तोच क्षय घरातल्यांनाही लागतो. येथे जुना उपदेश आजही शंभर टक्के खरा आहे. आजोबांनी कुरकुर करीत का होईना, सहा महिने पुरे केले. शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ निघाली.

टायफॉईडमध्येही ताप उतरला म्हणून थांबू नये, कारण तो उलटतो. घशाच्या जंतुसंसर्गात, विशेषतः मुलांना, पेनिसिलीन दहा दिवस देतात ते हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी. साध्या सर्दी-पडशाला मात्र अशा गोळीचा एक दिवसही लागत नाही.

तेव्हा औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारावे, "हे किती दिवस घ्यायचे? लवकर बरे वाटले तर दाखवायला येऊ का?" स्वतःच्या मनाने थांबू नये. आणि उरलेल्या गोळ्या फळीवर जपून ठेवून शेजाऱ्याच्या तापाला देऊ नयेत. सूनबाईंनी नातवाची अर्धी बाटली तशीच ठेवली होती. पाण्यात कालवलेले ते औषध साधारण आठवड्यात निकामी होते, हे त्यांना आम्हीच सांगितले.