हिरवा फलक, हिरवा दगड

भारतीय रस्त्यांवर हिरव्या रंगाचे दोन अर्थ होतात. दिशाफलकाची पार्श्वभूमी हिरवी असेल तर रस्ता राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग असतो. द्रुतगती मार्गावर ती निळी, तर इतर रस्त्यांवर पांढरी असते. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा हिरवा माथा मात्र फक्त राज्य महामार्ग दाखवतो. राष्ट्रीय महामार्गाचा माथा पिवळा, ग्रामीण रस्त्याचा नारिंगी. म्हणून पुण्याहून कोल्हापूरला जाताना हिरवा फलक आणि पिवळा दगड शेजारी दिसले तर त्यात विसंगती नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. रस्त्याचा दर्जा बदलला तरी जुन्या दगडांचा रंग कधीकधी तसाच राहतो. अशा वेळी रंगापेक्षा फलकावरचा मार्ग क्रमांक भरवशाचा.