तिसऱ्यांदा पुढे ढकललेलं काम

सॉफ्टवेअरच्या टीम दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करतात. ठरलेलं काम अपुरं राहिलं की बहुतेक ठिकाणी ते आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये सरकवतात. स्क्रम गाइड मात्र सांगतं की अपुरं काम आधी बॅकलॉगमध्ये परत जातं आणि तिथे त्याचा नव्याने विचार होतो. हा टप्पा गाळला की दुखणं सुरू होतं.

समजा, ‘ग्राहकाला बिल ईमेलने पाठवणे’ हे पाच पॉइंटचं काम तिसऱ्यांदा अडलंय. रोजच्या बैठकीत उत्तर एकच: ‘जवळजवळ झालंय.’ अशा वेळी नेमकं काय उरलंय ते लिहून काढायला लावावं. इथे निघालं असं: साधं बिल जातंय, परताव्याचं बिल चुकतंय, आणि बिलाच्या रचनेला हिशेब विभागाची मंजुरी नाही.

आता तोडणं सोपं. साधं बिल वेगळं काढून याच स्प्रिंटमध्ये ग्राहकापर्यंत न्यावं. ‘कोडिंग’ आणि ‘टेस्टिंग’ असे तुकडे मात्र पाडू नयेत, कारण त्यातला एकही एकटा कुणाच्या उपयोगाचा नसतो. परताव्याचा अंदाज नव्याने करावा; तो मूळ पाचाहून मोठा निघाला तरी तोच खरा. मंजुरी येईपर्यंत रचनेचं काम स्प्रिंटमध्ये घेऊच नये. अर्धवट कामाचे अर्धे पॉइंटही मोजू नयेत, नाहीतर टीमचा वेग फुगतो आणि पुढचं नियोजन कोसळतं.

आणि परताव्याची बिलं महिन्याला दोन-चारच असतील, तर ती हाताने पाठवावीत आणि ते काम सरळ रद्द करावं.