पैसे जमा, पण माल राखलेला नाही

ऑनलाइन दुकानात एका ऑर्डरच्या दोन नोंदी होतात. पैसे मिळाल्याचं पेमेंट गेटवे कळवतो, तर माल राखून ठेवण्याचं काम दुकानाची प्रणाली करते. कधीकधी पहिली नोंद होते आणि दुसरी राहून जाते. ऑर्डर सांभाळणाऱ्यांना अशा वेळी पडणारे हे प्रश्न.

असं होतं कसं?
समजा, जांभळ्या पैठणीचा एकच नग उरला आहे. एका ताईंनी ७.४० ला ऑर्डर सुरू केली आणि पैठणी त्यांच्या नावे १५ मिनिटं राखली गेली. बँकेकडून उत्तर यायला वेळ लागला. ७.५५ ला मुदत संपून पैठणी पुन्हा विक्रीला खुली झाली, ७.५६ ला दुसऱ्या ग्राहकाने ती घेतली. ७.५७ ला ताईंचे पैसे जमा झाल्याचा निरोप आला. ऑर्डरवर 'पेड' दिसतंय, पण त्यांच्यासाठी पैठणीच नाही.

आधी काय तपासायचं?
गेटवेच्या नोंदीत रक्कम आणि ऑर्डर क्रमांक जुळतात का, ते पाहा. कार्डाचा व्यवहार 'ऑथराइज्ड' असेल तर बँकेने रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते. 'कॅप्चर्ड' असेल तरच तो पूर्ण झाला. मग कपाटातले नग हाताने मोजा आणि त्यातून इतरांसाठी राखलेले वजा करा.

नग शिल्लक निघाला तर?
तो एकाच माणसाने, एकदाच त्या ऑर्डरच्या नावे राखावा आणि तशी नोंद लिहावी. दोघांनी बटण दाबलं तर दोन नग अडकतात आणि माल असूनही पुढच्या ग्राहकाला 'संपला' असं दिसतं.

शिल्लक नसेल तर?
दुसऱ्या ग्राहकाची पैठणी काढून ताईंना देऊ नका. त्यांचे पैसेही आलेत आणि नगही त्यांच्याच नावे राखलेला आहे. ताईंना त्याच दिवशी फोन करा. नवा माल येईपर्यंत थांबायचं, दुसरा रंग घ्यायचा की पूर्ण पैसे परत हवेत, हे त्यांनाच ठरवू द्या.

पैसे आपोआप परत जातील का?
नाही. खात्यातून पैसे गेले, पण दुकानाला खात्रीचा निरोपच आला नाही, अशा यूपीआय व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमात व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परतावा आहे. इथे निरोप आलेला आहे, म्हणून परतावा दुकानानेच करायचा. तोही गेटवेत मूळ व्यवहार उघडून तिथूनच. कुणी स्वतःच्या मोबाइलवरून पैसे पाठवले तर गेटवेला ते कळत नाही, आणि दुसरा सहकारी तिथून पुन्हा परतावा करू शकतो. परताव्याचा क्रमांक ताईंना कळवा.

तांत्रिक विभागाला काय सांगायचं?
ऑर्डर क्रमांक आणि तीन वेळा: राखण्याची, मुदत संपल्याची, पैसे जमा झाल्याची. शेवटच्या दोन वेळांत नेहमी दोन-तीन मिनिटांचाच फरक दिसत असेल, तर माल राखण्याची मुदत तेवढी वाढवली की असे बरेच प्रसंग टळतात.